स्वतःच्या प्रदर्शनासाठी रजा मागताना

बडोद्यात राहून केंद्र सरकारच्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या आणि तरीही चित्रे काढण्याचे सोडून न दिलेल्या सज्जनहो, मुंबईच्या जहांगीर कलादालनात वर्षानुवर्षे वाट पाहिल्यानंतर अखेर आपल्याला मंगळवार ते सोमवार असा आठवडा मिळाला असेल, तर रजेचा अर्ज अत्यंत विचारपूर्वक लिहावा.

सर्वप्रथम खरे कारण लिहिण्याचा मोह आवरावा. 'मावससासऱ्यांच्या नातीचे लग्न' असे लिहिल्यास साहेब न वाचताच सही करतात, 'माझे एकल चित्रप्रदर्शन' असे लिहिल्यास मात्र चष्मा काढून विचारतात, "चित्रे तर भिंतीवर टांगलेली असणार, मग तिथे तुमचे काय काम?" या प्रश्नाला उत्तर नाही, हे आपण मनोमन जाणताच.

त्यानंतर हिशेब. आदल्या सोमवारी चित्रे घेऊन जाणे आणि नंतरच्या मंगळवारी ती परत आणणे धरले, तर कामाचे सात दिवस होतात. वर्षाच्या आठ नैमित्तिक रजांपैकी सात सहज देता येतील असे आपल्याला वाटेल, परंतु सामान्यतः एका वेळी पाचांहून अधिक देऊ नयेत असा संकेत आहे आणि इतर नियम विसरणाऱ्या कार्यालयांनाही तो तोंडपाठ असतो. पाच नैमित्तिक आणि दोन अर्जित अशी मोट बांधण्याची युक्ती सुचवू नये, कारण या दोन रजा एकमेकींना जोडता येत नाहीत. म्हणून सरळ अर्जित रजाच मागावी. मधले शनिवार-रविवारही तिच्यात मोजले जातात, म्हणजे सातांचे नऊ होतात; ज्या दोन दिवशी दालनात सर्वाधिक गर्दी होते, त्या सुट्टीच्या दिवसांची किंमतही आपणच मोजावी, हे न्यायाला धरूनच आहे. आधीचे शनिवार-रविवार तेवढे रजेला जोडून घेण्याची परवानगी मागावी, मुख्यालय सोडण्याची वेगळी मागावी, आणि रजा हा हक्क नाही, हे साहेबांनी सांगण्याआधी आपणच नम्रपणे कबूल करावे.

काही अनुभवी सहकारी वैद्यकीय दाखला आणण्याचा सल्ला देतील. दाखल्यात कंबरदुखी आणि वर्तमानपत्रात समई पेटवताना वाकलेले आपण, असा योग जुळून आल्यास पुढचा पत्रव्यवहार चित्रकलेविषयी नसतो.

तेव्हा लपवाछपवीपेक्षा साहेबांनाच उद्घाटनाचे निमंत्रण द्यावे. कलात्मक स्वरूपाच्या अधूनमधूनच्या कामाला, कर्तव्यात अडथळा येत नसेल तर, पूर्वपरवानगी लागत नाही असे आचरण नियमांत आहे खरे. पण ते त्यांना दाखवू नये, वाईट दिसते. ते येणार नाहीतच, मात्र परतल्यावर अख्ख्या विभागासमोर विचारतील, "किती विकली?" तेव्हा "एकही नाही" असे सांगावे. सहसा त्यासाठी खोटे बोलावे लागत नाही.