डोकेदुखी, गौरीच्या वेळच्या गोळ्या आणि मेंदूच्या शिरांतील गुठळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

«डॉक्टर, तुमचा लेख वाचून आमच्या महिला मंडळात नुसती घबराट पसरली. मी पंधरा वर्षे गौरीच्या वेळी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेते आहे, माझ्या दोन्ही जावा घेतात. कोणालाही काही झाले नाही. डोके कोणाचे दुखत नाही? प्रत्येक डोकेदुखीला एमआरआय काढत बसायचे का? हा बाळंतिणींचा आजार आहे आणि तुम्ही तो उगीच सगळ्यांच्या माथी मारता आहात.»

ताई, घबराट पसरली असेल तर त्यात माझ्या लेखाची एक उणीव नक्कीच आहे. या गोळ्यांनी मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका किती पटींनी वाढतो हे मी लिहिले, परंतु मुळात तो किती लहान आहे हे लिहायचे राहिले. नेदरलँड्समधील दोन प्रांतांत झालेल्या गणनेत दर दहा लाख प्रौढांमागे वर्षाला सुमारे १३ जणांना हा आजार झालेला आढळला, आणि ३१ ते ५० वर्षे वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण दहा लाखांमागे सुमारे २८ होते. आपल्याकडील प्रमाण नेमके तेवढेच असेल असे मी म्हणत नाही. पण इतका लहान धोका अनेक पटींनी वाढला तरी तो हजारात एकाच्या पुष्कळ खाली राहतो. तेव्हा तुम्हा तिघींना पंधरा वर्षांत काही झाले नाही, हे अपेक्षितच होते. मात्र त्यावरून गोळी निर्धोक ठरत नाही, कारण ही गुठळी बहुधा एकट्या गोळीने होत नाही. ती गोळी ज्या वर्षी शरीराच्या इतर अवस्थांच्या जोडीला येते, त्या वर्षी होते.

ही गुठळी होते कुठे, ते आधी सांगतो. मेंदूतील वापरलेले रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या नाल्या कवटीखालील जाड आवरणाच्या दोन पदरांमध्ये असतात. त्यांना सायनस म्हणतात, आणि ज्या ‘सायनस’ने सर्दीत कपाळ दुखते त्याच्याशी यांचा नावापलीकडे काही संबंध नाही. मेंदूभोवतीचे पाणीही याच नाल्यांतून रक्तात मुरते. नाली गुठळीने बंद झाली की रक्त मागे तुंबते, पाणी मुरेनासे होते आणि कवटीतील दाब वाढत जातो. शिरांतील रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरत असल्यामुळे माणूस बसला किंवा उभा राहिला की दाब थोडा कमी होतो, आणि आडवा झाला, खोकला, शौचाला जोर केला की वाढतो. या डोकेदुखीचे सगळे वेगळेपण त्या एका गोष्टीत आहे.

आता गोळीविषयी. पाळी पुढे ढकलण्यासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाते ती नोरेथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा. हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध असल्याने गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेनचा धोका यात नसावा, असे पुष्कळ डॉक्टरांनाही वाटते. प्रत्यक्षात त्याचा छोटासा अंश शरीरात एथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये, म्हणजे नेमक्या त्याच इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. गर्भनिरोधनासाठी जी अगदी अल्प मात्रा वापरतात तिच्यात हा अंश नगण्य ठरतो. दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या मात्रेत मात्र तो साधारण एका संयुक्त गर्भनिरोधक गोळीच्या बरोबरीला जातो. त्या संयुक्त गोळ्यांनी मेंदूच्या शिरांतील गुठळीची शक्यता पाच ते सात पटींच्या आसपास वाढते, हे अनेक अभ्यासांतून वारंवार दिसलेले आहे.

एका रुग्णाची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ३८, तालुक्याच्या गावी राहणारी, शाकाहारी. पाळीत रक्तस्राव जास्त, त्यामुळे हिमोग्लोबिन ८.२. गणपतीच्या चार दिवस आधीपासून तिने ओळखीच्या दुकानातून आणून गोळ्या सुरू केल्या. हरतालिकेला निर्जळी उपवास केला, त्याच्या तिसऱ्या दिवशी ऋषिपंचमी धरली, आणि मग गौरीच्या स्वयंपाकाच्या धांदलीत पाणी पिण्याचे भान राहिले नाही. गौरीपूजनाच्या दिवशी उजव्या बाजूने डोके दुखू लागले. उपवासाचे पित्त म्हणून गावातल्या डॉक्टरांनी पित्ताची आणि वेदनेची गोळी दिली. पहिल्या दिवशी ते निदान चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. मीही कदाचित तेच केले असते. चूक पुढच्या चार दिवसांत झाली. डोकेदुखी रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त होत होती, पहाटे चारला ती उठून भिंतीला टेकून बसत होती कारण आडवे राहवत नव्हते, आणि वाकून घागर उचलताना डोळ्यांपुढे काही सेकंद अंधारी येत होती. हे सगळे तिने सांगितले होते. जवळच्या शहरात साधा सीटी स्कॅन झाला, तो ‘नॉर्मल’ आला, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दोन दिवसांनी डाव्या हाताला झटके सुरू झाले आणि पाठोपाठ संपूर्ण शरीराची आकडी आली. आमच्याकडे आल्यावर एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांतील रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी केली. डोक्याच्या मध्यरेषेवरची मोठी नाली आणि उजव्या बाजूची आडवी नाली, दोन्ही बंद होत्या, आणि उजव्या भागात लहानसा रक्तस्राव झाला होता.

या हकिगतीत गोळी एकटी नव्हती. लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग हा स्वतंत्रपणे या गुठळीची शक्यता वाढवतो. कोरड्या शरीरात रक्त दाट होते. तपासणीत तिचे बी-१२ कमी आणि त्यामुळे रक्तात साठणारे, गुठळीला पोषक ठरणारे होमोसिस्टीन हे द्रव्य वाढलेले निघाले, जे आपल्याकडील शाकाहारी लोकांत मुळीच दुर्मीळ नाही. आदल्या वर्षी तिने हीच गोळी घेतली होती आणि काही झाले नव्हते, पण त्या वर्षी हिमोग्लोबिन ११ होते. तुमच्या पंधरा वर्षांच्या अनुभवाविषयी मी वर जे म्हटले, त्याचा अर्थ हा आहे.

प्रत्येक डोकेदुखीला एमआरआय काढावा असे मी कधीही म्हणणार नाही. जिला वर्षानुवर्षे अर्धशिशी आहे आणि या खेपेची डोकेदुखीही नेहमीच्याच तऱ्हेची आहे, तिला तपासणीची गरज नाही. माझी विनंती आहे ती वेगळ्या डोकेदुखीविषयी : पूर्वी कधी अशी दुखली नव्हती, दिवसागणिक वाढते आहे, आडवे झाल्यावर किंवा पहाटे जास्त होते, खोकल्याने ठणकते, जोडीला अंधुक किंवा दुहेरी दिसते, वारंवार उलटी होते, आणि या स्त्रीने गेल्या काही आठवड्यांत अशी गोळी घेतली आहे किंवा ती बाळंतीण आहे. तेथेही पहिली पायरी एमआरआय नसते. डॉक्टरांनी ऑफ्थॅल्मोस्कोपने डोळ्याचा पडदा पाहावा. दृष्टीच्या नसेचे टोक सुजलेले दिसले तर कवटीतील दाब वाढला आहे हे दोन मिनिटांत, कोणत्याही मोठ्या यंत्राशिवाय कळते. सूज नसली म्हणून मात्र गुठळी नाही असे ठरत नाही. आकडी आली, हातापायातील शक्ती गेली, बोलणे अडखळू लागले किंवा गुंगी वाढली तर घरी थांबू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. डोकेदुखी एकाएकी, क्षणार्धात असह्य झाली असेल तरीही तेच करावे.

सीटीविषयी थोडे अधिक लिहितो, कारण खोटा दिलासा येथेच मिळतो. साध्या सीटीत मेंदूचा पदार्थ दिसतो, शिरांतून रक्त वाहते आहे की नाही ते दिसत नाही. गुठळी क्वचित पांढऱ्या त्रिकोणासारखी किंवा दोरीसारखी उठून दिसते, पण पुष्कळ रुग्णांत, विशेषतः केवळ डोकेदुखी असताना, साधा सीटी निर्दोष येतो. शिरा पाहायच्या तर सीटी व्हेनोग्राफी किंवा एमआर व्हेनोग्राफी असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे लागते. तंत्रज्ञ आपण होऊन ती करत नाही. डी-डायमर ही रक्ततपासणी सामान्य आली तरी या निदानाची शक्यता संपत नाही.

बाळंतिणींबद्दल तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे. गरोदरपणाच्या अखेरीस आणि प्रसूतीनंतरच्या साधारण सहा आठवड्यांत रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते, आणि त्यातच बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत अजून काही घरांत पाळली जाते. भारतातील जुन्या नोंदींत या आजाराचे रुग्ण म्हणजे मुख्यत्वे बाळंतिणीच असत. सिझेरियन झालेल्या स्त्रीत आणखी एक फसगत होते. पाठीत भुलीचे इंजेक्शन दिल्यानंतरही डोके दुखते. ते उठून बसले की दुखते आणि आडवे झाले की थांबते. तेच दुखणे दोन-तीन दिवसांनी आडवे असतानाही राहू लागले, तर ‘भुलीचे आहे, जाईल’ असे म्हणून सोडून देऊ नये.

परंतु चित्र आता तेवढेच राहिलेले नाही. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये ४२८ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तिच्यात निम्म्याहून अधिक पुरुष होते आणि बाळंतिणी दहांत जेमतेम एक. पांडुरोग, होमोसिस्टीन, मद्यपान आणि गर्भनिरोधक गोळ्या ही कारणे पुढे आली होती. म्हणून मी हा आजार बाळंतिणींच्या खोलीबाहेर आणला.

त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हेही लिहायला हवे. मेंदूत रक्तस्राव दिसत असताना आम्ही तिला रक्त पातळ करणारे इंजेक्शन सुरू केले, तेव्हा तिच्या यजमानांनी माझा हातच धरला, आणि त्यांची भीती स्वाभाविक होती. येथे रक्तस्राव होतो तो शिर तुंबून मागचा दाब वाढल्याने. तुंबणे मोकळे होऊ दिले नाही तर तो वाढत जातो. १९९१ मध्ये जर्मन डॉक्टरांनी अवघ्या २० रुग्णांवर केलेल्या चाचणीत हेपॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध मिळालेल्या दहांपैकी कोणीही दगावले नाही आणि न मिळालेल्या दहांपैकी तिघे दगावले. चाचणी लहान होती, पण उपचाराची दिशा तिने ठरवली. आमच्या रुग्णाला वजनाच्या हिशेबाने दर बारा तासांनी पोटाच्या त्वचेखाली इंजेक्शन, आकडीचे औषध, मग सहा महिने वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी आणि त्यासाठी रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आयएनआर हा आकडा दोन ते तीनच्या दरम्यान राखणे, असा उपचार झाला. लोह आणि बी-१२ही दिले. आज तिचा हात पूर्ण चालतो. या आजारात बहुसंख्य रुग्ण असेच सावरतात, वेळेत निदान झाले तर.

तुमच्या मंडळात पुन्हा विषय निघाला तर एवढे सांगा. ज्यांना स्वतःला किंवा आई-बहिणीला पूर्वी पायात, फुप्फुसात वा मेंदूत गुठळी झाली आहे, ज्या नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, ज्यांना अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा दिसतात, ज्यांचे वजन बरेच जास्त आहे किंवा ज्या आधीच गर्भनिरोधक गोळी घेतात, त्यांनी ही गोळी दुकानातून परस्पर आणू नये. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सारे सांगून मगच ठरवावे. इतर ज्या घेतील त्यांनी त्याआधी हिमोग्लोबिन तपासावे, आणि गोळ्या चालू असताना निर्जळी उपवास करू नये. हरतालिकेला पाणी पिण्यावरून घरात कोणी बोलले, तर डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणून माझे नाव पुढे करा.