भांगावर पावडरचे तीन फटकारे

"केस म्हणजे देवाने दिलेली छत्री. आपल्या भारतीय कातडीला टाळूवर सनस्क्रीन लागतच नाही, आणि खोबरेल तेलात नैसर्गिक एसपीएफ ८ असतोच. तरी हौस असेल तर एसपीएफ ५० ची पावडर घ्या, सकाळी भांगावर ब्रश फिरवा, दिवसभर निश्चिंत. स्प्रे, स्टिक सगळं तेच, फक्त डबी वेगळी." – आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीनदा आलेला मेसेज.

छत्री खरी आहे, पण तिला मधोमध चीर आहे. दाट केसांखालची टाळू सावलीत असते, तिला काही लावायची गरज नाही, इथवर माझं भांडण नाही. भांग मात्र साधारण अर्धा सेंटीमीटर रुंद उघडी पट्टी असते, आणि ती आभाळाकडे तोंड करून असते. चेहरा उभा, त्यामुळे दुपारचं ऊन त्याच्यावर तिरकं पडतं. माथा आडवा. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे नाकापेक्षा भांगाला जास्त ऊन मिळतं, आणि सनस्क्रीन मात्र नाकाला.

आमच्या मामीचं उदाहरण देतो. जन्मभर मधला भांग. मे महिन्यात सगळे दापोलीला गेलो तेव्हा फोटोंसाठी लेकीने तिचा भांग कडेला काढला आणि वरून पावडर सनस्क्रीनच्या ब्रशचे तीन फटकारे मारले. अकरा ते दोन किनाऱ्यावर. संध्याकाळी कंगवा लागला तशी मामी कळवळली. नव्या भांगाखालच्या कातडीने तोवर ऊन पाहिलंच नव्हतं, त्यामुळे रोजच्या भांगापेक्षा तिथे लवकर भाजलं. चौथ्या दिवशी पापुद्रे निघायला लागले आणि मामीने कोंड्याचा शाम्पू आणला. असं पुष्कळांचं होतं. ओळखायची खूण सोपी आहे: कोंडा डोकंभर असतो, बारीक किंवा तेलकट, आणि खाजतो. उन्हाचे पापुद्रे फक्त भांगाच्या रेघेवर, पातळ आणि मोठे, आणि त्याआधी दोनेक दिवस ती रेघ दुखलेली असते. त्याला कोंड्याचा शाम्पू चोळला तर आग होते, बाकी काही नाही.

कातडीच्या रंगाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मेलॅनिनमुळे आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने कमी आढळतो, आणि भांगावर सनस्क्रीन नाही म्हणून कुणाला घाबरवणं मलाही पटत नाही. पण भाजणं, काळवंडणं हे सावळ्या कातडीलाही होतंच, मामी साक्षीला आहे. काहींना तर हे खरंच जपायला हवं: केस विरळ होऊन भांग रुंदावलेल्या बायका, टक्कल पडलेले पुरुष, टाळूवर ल्युपस किंवा कोड असलेले, आणि डॉक्सिसायक्लिनसारखी उन्हाने त्रास वाढवणारी गोळी चालू असलेले. डोक्यावर टोपी, ओढणी, पदर असेल तर या सगळ्यांचं काम त्यानेच भागतं. दुचाकीवर हेल्मेट असतं तेवढा वेळ भांगाला काहीही लावायची गरज नाही, लावलेलं हेल्मेटच्या अस्तरालाच लागेल.

खोबरेल तेलाचा आकडा हवेतून आलेला नाही, पण तो आला प्रयोगशाळेतल्या नळीतून. तेल अल्कोहोलमध्ये मिसळायचं, त्यातून किरण किती आरपार जातात ते यंत्राने मोजायचं आणि सूत्रात घालायचं. त्या पद्धतीत आठच्या आसपास आकडा निघतो. कातडीवर पसरलेला तेलाचा पातळ थर ही निराळी गोष्ट आहे. सनस्क्रीनवर छापलेला एसपीएफ माणसांच्या पाठीवर ठरावीक थर देऊन, ती किती वेळात लाल होते ते पाहून काढतात. दोन आकडे शेजारी ठेवायचेच नाहीत. उलट तेल चोपडलेल्या भांगावर नंतर लावलेलं सनस्क्रीन घसरतं आणि पावडरच्या गुठळ्या होतात. उन्हात जायचं त्या सकाळी तेल नको, रात्री खुशाल लावा.

आता पावडर. मेसेजमधली खरी गफलत इथे आहे, कारण डबीवरचा ५० हा डबीचा गुण नाही, थराचा आहे. चाचणीत दर चौरस सेंटीमीटर कातडीला २ मिलिग्रॅम माल लावलेला असतो. भांग १५ सेंटीमीटर लांब आणि अर्धा सेंटीमीटर रुंद धरला तर क्षेत्र साडेसात चौरस सेंटीमीटर, म्हणजे १५ मिलिग्रॅम माल कातडीवर बसायला हवा. मुगाचा एक दाणा साधारण ३५-४० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे अर्ध्या मुगापेक्षाही थोडं कमी! ऐकायला किरकोळ वाटतं, पण पावडर हलकी असते, ब्रशचे केस मऊ असतात, आणि ब्रश फिरतो तो भांगाच्या दोन्ही बाजूंच्या केसांवरून. बराच माल केसांच्या मुळांना चिकटतो, थोडा हवेत उडतो, उरलेला कातडीवर. निम्माच थर बसला तर संरक्षण निदान त्याच प्रमाणात उतरतं.

आपल्याला किती लागतंय हे बघायला सोनाराचा काटा नको. डबी किती दिवस पुरते ते आठवा. समजा डबीत ४ ग्रॅम पावडर आहे आणि ती रोज वापरून वर्षभर पुरली. ४००० मिलिग्रॅमला ३६५ ने भागा, रोजचे ११ मिलिग्रॅम आले. त्यात केसांना लागलेलं आणि उडालेलं धरलेलं आहे, आणि कपाळावर ब्रश फिरवत असाल तर तेही. म्हणजे भांगाच्या कातडीवर चार-पाच मिलिग्रॅम पोचले तरी नशीब. तीच डबी दोन-अडीच महिन्यांत संपत असेल आणि फक्त भांगालाच वापरत असाल, तर मात्र पावडर तिचं काम करते आहे. मामीच्या लेकीची डबी आदल्या दिवाळीची होती आणि अर्धी भरलेली होती, यातच सगळं आलं.

त्यात घाम. कोकणात मे महिन्यात भांगावर पावडर तासाभरात चिखलासारखी होते. म्हणून ती पहिला थर नव्हे, वरचा थर: आधी दुसरं काही लावलेलं असताना दुपारी परत हात फिरवायला सोयीची, तेलकटपणाही शोषते. कातडीच्या रंगाची घेतली तर झिंक ऑक्साइडची पांढरी रेघ दिसत नाही. आणि एक सावधगिरी: विरळ भांग झाकायला मिळणारी रंगीत पावडर किंवा केसांचे तंतू आणि ड्राय शाम्पू ही सनस्क्रीन नव्हेत. डबीवर एसपीएफ छापलेला नसेल तर तो शून्यच समजा.

स्प्रेचं गणित उलट आहे, माल भरपूर निघतो पण कुठे पडतो हा प्रश्न. पंपाच्या एका दाबाला ०.१ मिलीलीटर, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या आसपास द्रव येतो असं धरू. नळी जवळ धरली आणि फवारा ५ सेंटीमीटर व्यासाच्या गोलात पडला तर ते क्षेत्र सुमारे २० चौरस सेंटीमीटर, दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिग्रॅम. पुरून उरलं. हात लांब करून १० सेंटीमीटरचा गोल केला तर क्षेत्र चौपट आणि थर १.३ मिलिग्रॅमवर येतो, तोही केस मध्ये आलेच नाहीत असं गृहीत धरून. समुद्रावरच्या वाऱ्यात त्याहून कमी. म्हणजे भांगाला स्प्रे मारायचा तर कंगव्याच्या टोकाने भांग नीट उघडायचा, नळी जवळ न्यायची, १५ सेंटीमीटरच्या भांगाला तीन दाब द्यायचे आणि बोटाच्या टोकाने रेघभर दाबून घ्यायचं. डोळे मिटलेले, श्वास रोखलेला. मी तर बोटावरच मारतो आणि बोट भांगावर फिरवतो, डोळ्यांत जायची भीतीच नाही.

दोन गोष्टी स्प्रेच्या विरुद्ध जातात. बरेचसे अल्कोहोलवर बनतात, कंगव्याने खरवडलेल्या टाळूला झोंबतात आणि ओले असताना पेट घेऊ शकतात. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने २०१२ सालच्या अशा भाजण्याच्या घटनांवरून इशारा दिला होता. फवारा मारून लगेच निरांजन लावायला किंवा गॅसपाशी जाऊ नका, पूर्ण वाळू द्या. दुसरं, श्वासावाटे आत जाणं. याच संस्थेने २०१९ च्या प्रस्तावात स्प्रेला कणांच्या आकाराच्या आणि ज्वलनशीलतेच्या अटी घातल्या आणि पावडरबद्दल अजून माहिती हवी असं म्हटलं. म्हणजे "सगळं तेच" हे औषध तपासणाऱ्यांनाही मान्य नाही.

स्टिक मेणाची. केसांच्या मधून ओढली की मेण केसांना बसतं, बटा चिकटतात, आणि स्टिकच्या टोकाला चार केस लटकतात. अरुंद भांगाला ती नकोच. पण टक्कल, कपाळावरची मागे सरकलेली केसांची रेषा, विरळ झालेला भोवरा, यांना तिच्यासारखं दुसरं नाही: डोळ्यांत उतरत नाही, घामाने लवकर वाहत नाही. चूक एकच होते, एकदा फिरवून लोक थांबतात. त्याच जागेवरून पुढे-मागे चारेक वेळा फिरवा आणि बोटाने पसरा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळून पुन्हा थिजलं की माल एकसारखा उतरत नाही.

एका गोष्टीत मी मेसेज लिहिणाऱ्याच्या पूर्ण बाजूने आहे: भांगाला वेगळी डबी घेणं सक्तीचं नाही. चेहऱ्याचं पातळ जेलसारखं सनस्क्रीन मुगाच्या दाण्याएवढं करंगळीवर घ्या आणि उघडलेल्या रेघेवर टिपत जा. अर्धं केसांना लागलं तरी कातडीला पुरतं. घट्ट पांढरं क्रीम नको, ते मुळांशी साचतं. भांगाला केस उगवायचं मिनॉक्सिडिल लावत असाल तर ते आधी, आणि ते पूर्ण वाळल्यावर सनस्क्रीन.

"दिवसभर" हा शब्द मात्र कुठल्याच प्रकाराला लागू नाही. सलग उन्हात असाल तर दोन तासांनी पुन्हा, पोहून आलात किंवा डोकं पुसलंत तर लगेच. यंदा मामी दापोलीला आली ती मधला भांग, करंगळीवर जेल आणि मामाची पांढरी टोपी घेऊन. फोटोत टोपी आली म्हणून लेक अजून रुसलेली आहे.