एसपीडब्ल्यूएम हार्मोनिक्स नष्ट करत नाही

«साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरमध्ये हार्मोनिक्स असतात. साइन वेव्ह इन्व्हर्टरमध्ये एसपीडब्ल्यूएम असतं आणि ते हार्मोनिक्स मुळातच नष्ट करतं, म्हणून त्याला फिल्टरची खरी गरज नसते. कॅरिअरची फ्रीक्वेन्सी जितकी जास्त तितकी लहर स्वच्छ. 20 किलोहर्ट्झचा इन्व्हर्टर 10 किलोहर्ट्झवाल्याच्या दुप्पट चांगला.»

हा एक नेहमीचा दावा. एसपीडब्ल्यूएम म्हणजे साइन लहरीची वेगवान त्रिकोणी लहरीशी, म्हणजे कॅरिअरशी, तुलना करून स्विच चालू-बंद करण्याची पद्धत; हार्मोनिक्स म्हणजे मूळ 50 हर्ट्झसोबत येणाऱ्या, त्याच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी. आधी त्यातलं «मुळातच नष्ट» हे तपासू. 400 व्होल्ट डीसीवर चालणारा, चार स्विचांचा एक ब्रिज घ्या. त्यातून आपल्याला 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ हवे आहेत, म्हणजे शिखर 325 व्होल्टचं आणि मॉड्युलेशन इंडेक्स, म्हणजे शिखर भागिले डीसी, सुमारे 0.81. कॅरिअर त्रिकोणी, 20 किलोहर्ट्झचा. साइन संदर्भ कॅरिअरच्या वर असेल तेव्हा ब्रिज +400 देतो, खाली असेल तेव्हा −400. तिसरी कोणतीही पातळी नाही. याला बायपोलर पद्धत म्हणतात.

व्होल्टेज कायम +400 किंवा −400 असल्यामुळे त्याचं एकूण आरएमएस मूल्य नेमकं 400 व्होल्ट. त्यात आपल्या कामाचे 230. 400 च्या वर्गातून 230 चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं, की 327 व्होल्ट उरतात. हे सगळे हार्मोनिक्स. म्हणजे मूळ घटकाच्या तुलनेत ते 142 टक्के भरतात. ज्याला नावं ठेवली जातात त्या चौकोनी लहरीचं हेच प्रमाण 48 टक्के आहे. ब्रिजच्या तोंडाशी मोजलं तर एसपीडब्ल्यूएमची लहर चौकोनी लहरीपेक्षा जवळपास तिप्पट अशुद्ध आहे. नष्ट काहीच झालेलं नाही, उलट वाढलं आहे.

मग फायदा कुठे आहे? तो हार्मोनिक्सच्या जागेत आहे. चौकोनी लहरीत तिसरा हार्मोनिक 150 हर्ट्झला बसतो आणि मूळ घटकाच्या एक तृतीयांश असतो. पाचवा 250 ला, एक पंचमांश. 50 ला हात न लावता 150 अडवणारा फिल्टर बनवायचा तर चोक आणि कपॅसिटर अवाढव्य लागतात, आणि तरी ते नीट जमत नाही. एसपीडब्ल्यूएममध्ये 50 हर्ट्झच्या पुढे थेट 20 किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत, आदर्श स्विच धरले तर, काहीच नसतं. सगळी घाण कॅरिअरभोवती आणि त्याच्या पटींभोवती झुपक्यांनी गोळा होते. आपल्या उदाहरणात 20 किलोहर्ट्झच्या एकट्या घटकाचं शिखर सुमारे 322 व्होल्ट आहे, म्हणजे ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला त्या 50 हर्ट्झच्या घटकाइतकंच!

एसपीडब्ल्यूएम हार्मोनिक्स फिल्टरच्या टप्प्यात आणून ठेवतं आणि फिल्टर त्यांना संपवतो. 3 मिलिहेन्रीचा चोक आणि 1.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर त्यांची अनुनाद फ्रीक्वेन्सी सुमारे 2.4 किलोहर्ट्झ येते. हा फिल्टर 50 हर्ट्झला जवळपास जसंच्या तसं जाऊ देतो आणि 20 किलोहर्ट्झला सुमारे 70 पटींनी दाबतो. 322 चे साडेचार व्होल्ट उरतात, म्हणजे 1.4 टक्के. फिल्टर काढा, ते 322 थेट तुमच्या उपकरणावर.

अनेकांनी घरचा इन्व्हर्टर उघडून पाहिला असेल आणि त्यात वेगळा चोक दिसला नसेल. बॅटरीवर चालणाऱ्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या इन्व्हर्टरमध्ये ट्रान्सफॉर्मरचा लीकेज इंडक्टन्सच चोकचं काम करतो आणि आउटपुटला एक कपॅसिटर जोडलेला असतो. फिल्टर आहेच, फक्त तो ओळखू येत नाही. मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीतही तसंच: मोटरचा स्वतःचा इंडक्टन्स करंट गुळगुळीत करतो, पण टर्मिनलवरचं व्होल्टेज चिरफाळलेलंच राहतं.

आता कॅरिअर वाढवण्याबद्दल. ब्रिजच्या तोंडाशी हार्मोनिक्सचा आकार मॉड्युलेशन इंडेक्सवर ठरतो. कॅरिअर 10 असो वा 40 किलोहर्ट्झ, ते 327 व्होल्ट तेवढेच राहतात. सरकते ती जागा, आणि त्याचा लाभ फिल्टरला मिळतो. फ्रीक्वेन्सी दुप्पट केली तर तो दुप्पट नव्हे, साधारण चौपट होतो. याच फिल्टरवर हलक्या लोडला 10 किलोहर्ट्झचा अवशेष सुमारे 19 व्होल्ट राहतो, 20 चा साडेचार, 40 चा एक. इथपर्यंत दावा करणाऱ्याची बाजू त्याला वाटते त्यापेक्षाही भक्कम आहे.

ती ढासळते डेड टाइमपाशी. ब्रिजच्या एका लेगमधले, म्हणजे एका बाजूच्या जोडीतले, वरचा आणि खालचा स्विच एकाच वेळी चालू झाले, तर डीसी सरळ शॉर्ट होतो. म्हणून एक बंद झाल्यावर दुसरा चालू करायला थोडं थांबतात, हाच डेड टाइम. समजा 2 मायक्रोसेकंद. या थांब्यात व्होल्टेज गेटवर ठरत नाही. करंट कोणत्या दिशेला आहे आणि कोणत्या डायोडमधून वाट काढतो यावर ठरतं, आणि ते दरवेळी करंटच्या विरुद्धच जातं. 20 किलोहर्ट्झला एक चक्र 50 मायक्रोसेकंदांचं, त्यात 2 म्हणजे 4 टक्के. ब्रिजची झेप +400 ते −400, म्हणजे 800 व्होल्टची. तिचे 4 टक्के, 32 व्होल्ट, सरासरीत कमी पडतात. करंटची दिशा उलटली की तुटीचं चिन्हही उलटतं.

ही तूट म्हणजे 50 हर्ट्झचीच एक चौकोनी लहर आहे, आणि तिच्यासोबत तोच जुना तिसरा हार्मोनिक परत येतो: सुमारे साडेतेरा व्होल्ट, 4 टक्क्यांच्या आसपास. तो 150 हर्ट्झला असल्याने फिल्टरला त्याचं काहीच करता येत नाही. कॅरिअर 40 वर नेला तर डेड टाइमचा वाटा 8 टक्के होतो, तूट 64 व्होल्ट आणि तिसरा हार्मोनिक 8 टक्क्यांवर. 10 किलोहर्ट्झला तो 2 टक्के. करंटवरच्या वेगवान चढउतारामुळे, म्हणजे रिपलमुळे, शून्याजवळ ही चूक सौम्य होते, म्हणून हे वरच्या मर्यादेचे आकडे समजावेत. पण दिशा स्पष्ट आहे: कॅरिअर वाढवल्यावर वरची घाण घटते आणि खालची वाढते. स्विचिंगची उष्णता वाढते ती वेगळीच. डेड टाइमची भरपाई करणारा किंवा आउटपुट व्होल्टेज पाहून चूक सुधारणारा कंट्रोल नसेल, तर 40 किलोहर्ट्झचा इन्व्हर्टर 20 वाल्यापेक्षा वाईट लहर देऊ शकतो.

वरची घाण कमी करायची असेल तर यापेक्षा चांगली वाट म्हणजे युनिपोलर पद्धत. दोन्ही लेगना एकमेकांच्या उलट साइन संदर्भ द्यायचे. व्होल्टेज मग +400, 0, −400 अशा तीन पातळ्यांत फिरतं, 20 किलोहर्ट्झचा झुपका रद्द होतो आणि पहिला झुपका 40 किलोहर्ट्झजवळ जातो. प्रत्येक स्विच मात्र 20 किलोहर्ट्झलाच चालतो. डेड टाइमची तूट तेवढीच राहते, पण वाढत नाही.

हा गैरसमज टिकून राहण्यामागे मीटरचाही हात आहे. पॉवर क्वालिटी मीटर सहसा 40 व्या किंवा 50 व्या हार्मोनिकपर्यंतच टीएचडी, म्हणजे हार्मोनिक्सचं एकूण प्रमाण, मोजतात, म्हणजे 2 ते 2.5 किलोहर्ट्झपर्यंत. फिल्टरआधीच्या व्होल्टेजमधले 20 किलोहर्ट्झचे 322 व्होल्ट त्यांच्या हिशेबातच येत नाहीत, आणि स्क्रीनवर नगण्य आकडा दिसतो. डिफरन्शियल प्रोब लावून ऑसिलोस्कोपवर एफएफटी, म्हणजे लहरीची फ्रीक्वेन्सीनुसार फोड, घ्या, पट्टा 100 किलोहर्ट्झपर्यंत ठेवा, आणि मग कॅरिअरचे झुपके दिसतील. नंतर फिल्टरनंतरच्या बाजूला 1 किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा घ्या आणि 150 हर्ट्झवर नजर ठेवा. लोड नसताना चोकमधला रिपल करंट प्रत्येक चक्रात दोन्ही दिशांना जातो, त्यामुळे डेड टाइमची चूक जवळपास कटते. मग हीटरसारखा निव्वळ रोधाचा लोड जोडा. एलईडी दिवे किंवा संगणक नको, ते स्वतःच तिसऱ्या हार्मोनिकचा करंट ओढतात. हीटर लावल्यावर 150 हर्ट्झचं टोक वर आलं, तर बिघाड कॅरिअरमध्ये शोधू नका. गेट ड्रायव्हरमधला डेड टाइम तपासा.