खुलासा: गझलेचा शेर अक्षरे मोजून होत नाही

फिरणारा दावा: “दोन्ही ओळींत सारखी अक्षरे घ्या, शेवटी एकच शब्द ठेवा, की विरहाचा शेर तयार.”

असा शेर वाचताना अडखळतो. हा मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, बघा:

सांज होता आठवण येते तुझी
झोप माझी आस ही नेते तुझी

पहिल्या ओळीत बारा अक्षरे आहेत, दुसरीत अकरा. तरी लय एकच, कारण दोन्हींचा साचा ‘गालगागा गालगागा गालगा’ असा आहे. ‘ल’ म्हणजे लघू, त्याची एक मात्रा; ‘गा’ म्हणजे गुरू, त्याच्या दोन; एकूण १९. ‘आठवण’मधले ‘वण’ हे दोन लघू मिळून एका गुरूची जागा घेतात.

पण नुसत्या मात्रा जुळवूनही भागत नाही. ‘आठवण येते सांजवेळी तुझी’ याही १९च मात्रा. मात्र लघूच्या जागी ‘सां’ हा गुरू येतो आणि ओळ तिथेच ठेचकाळते. हातावर ताल धरून म्हटले की लगेच कळते.

शेवटी जसाच्या तसा येणारा ‘तुझी’ हा रदीफ. यमक त्याच्या आधी असते: येते, नेते. हा काफिया. नवशिक्यांची गफलत बहुधा इथेच होते. रदीफ सांभाळतात, काफिया विसरतात. मतल्याने ‘ए’ हा स्वर बांधून दिल्यामुळे पुढच्या शेरांत ‘देते’, ‘घेते’ चालतील, ‘जाते’ किंवा ‘गाते’ नाही. पुढच्या शेरांची पहिली ओळ मात्र काफिया-रदीफातून मोकळी असते, वृत्तातून नव्हे.