ओळख तेवढी करून दे, बाकीचं मी बघतो

एका संपादकबाईंशी तुम्हाला बोलायचंय आणि तुमची जुनी सहकारी त्यांना ओळखते. मग रात्री साडेअकराला तिला मेसेज टाका: 'अगं, त्यांच्याशी ओळख करून दे ना.' कशासाठी, ते लिहू नका. तिने विचारलंच तर 'सहज, कनेक्ट व्हायचं होतं' म्हणा. तिची त्या बाईंशी ओळख कितपत आहे, हेही विचारू नका. एकदा कार्यक्रमात शेजारी बसल्या असतील, तर तेवढी घसट पुरे की!

ती म्हणेल, 'मला तसंच्या तसं पुढे पाठवता येईल असं चार ओळींत लिहून दे.' इथे सांभाळा. चार ओळी दिल्यात तर ती फॉरवर्ड करून मोकळी होईल. त्यापेक्षा सहा पानी बायोडेटा जोडा आणि 'यातलं तुला बरं वाटेल ते घे' असं कळवा. मग ती बिचारी लिहील, 'हा माझा मित्र, भाषांतर की कायसं करतो, फार हुशार आहे.' झाली तुमची ओळख!

लिहायचंच झालं तर नवा मेल उघडू नका, जुन्या गप्पांच्या मेलखालीच लिहा. त्या बाईंच्या मागच्या पुस्तकाला तुम्ही काय म्हणाला होतात, तेही त्यांना आयतं वाचायला मिळेल.

एका शहाण्याने मात्र, कोऱ्या मेलमध्ये, हे एवढंच पाठवलं:

'मी मुलांची पुस्तकं जर्मनमधून मराठीत आणतो. दोन प्रकाशित झाली आहेत. आपण किशोरांसाठी अनुवादांची मालिका सुरू केली आहे, म्हणून लिहितो आहे. एका कादंबरीचं पहिलं प्रकरण अनुवादित केलं आहे, लिंक खाली आहे. मराठीचे हक्क अजून कुणी घेतलेले नाहीत, हे मूळ प्रकाशकाला विचारून घेतलं आहे. ती मालिकेत बसेल का, यावर फोनवर पंधरा मिनिटं बोलता येईल का? सध्या शक्य नसेल तरी हरकत नाही.'

याला काय अर्थ आहे? माणूस कोण, याच बाई का, हवंय काय, सगळं एका दमात सांगून टाकलं. नाही म्हणायची वाटही स्वतःच मोकळी करून दिली. बाईंना उभ्याउभ्या फोनवर वाचून हो किंवा नाही म्हणता आलं असतं. उत्सुकता म्हणून काही शिल्लकच ठेवली नाही.

वर तुमची मैत्रीण म्हणेल, 'आधी त्यांना विचारते, हो म्हणाल्या तरच जोडून देते.' तेवढा धीर कशाला धरायचा? नंबर मागून घ्या आणि 'तुमचा नंबर हिने दिला' अशीच सुरुवात करा. नाराजी तिच्या खात्यावर जमा होते, तुमचं काही जात नाही.

तरीही रीतसर जोडून दिलंच, तर उत्तराला आठवडा लावा. आभार मानून मैत्रिणीला बीसीसीत हलवायची पद्धत आहे म्हणतात. तुम्ही तिला सीसीतच ठेवा, म्हणजे 'मंगळवारी चार की बुधवारी पाच' हे सगळं तिलाही कळत राहील. शेवटी काय झालं, ते मात्र कळवू नका. तिला बाईंकडूनच समजू द्या. त्या तिला तुमच्याबद्दल बोलायला फोन करणारच आहेत.