‘काहीही संपत नाही’ या उत्तराला मर्यादेमुळेच अर्थ येतो

«तपासणीत "लवकर संपणारे सर्टिफिकेट नाही" असे आले की निश्चिंत राहा. इशाऱ्याची मर्यादा 30 दिवस ठेवा, ती सगळीकडे चालते. सर्व्हरवरची फाइल तपासली तरी पुरे.»

नागपुरात सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये वेबसाइटच्या TLS सर्टिफिकेटबद्दल फिरणाऱ्या या सल्ल्यातील 30 दिवसांचा आकडा आधी पाहू. 90 दिवसांच्या सर्टिफिकेटचे स्वयंचलित नूतनीकरण certbot साधारण 30 दिवस उरले असताना सुरू करतो. इशाराही त्याच दिवशी वाजला, तर काहीही बिघडलेले नसताना दर फेरीला तो वाजत राहतो आणि महिनाभरात लोक त्याकडे पाहणे सोडतात. म्हणून मर्यादा नूतनीकरणाच्या दिवसानंतर, पण दुरुस्तीला पुरेसा वेळ उरेल अशी हवी. माझ्या मते 20 दिवसांवर इशारा आणि 7 दिवसांवर तातडीची सूचना.

समजा, सर्टिफिकेट 1 सप्टेंबर 2026 ला निघाले आणि 30 नोव्हेंबरला संपते. नूतनीकरण 31 ऑक्टोबरला व्हायला हवे. ते फसले तर इशारा 10 नोव्हेंबरला, ऐन पाडव्याला येईल. भाऊबीज आटोपून 12 तारखेला कोणी कामावर आले तरी हाताशी 18 दिवस असतात. मर्यादा केवळ 7 दिवसांची असती, तर 22 नोव्हेंबरपर्यंत ‘काही नाही’ असेच उत्तर मिळाले असते, आणि नूतनीकरण तीन आठवड्यांपासून बंद असल्याचा पत्ताही लागला नसता. उलट, खरेदीची मंजुरी घेऊन हाताने बदलायच्या सर्टिफिकेटला 20 दिवस अपुरे पडतात. तिथे मंजुरीला लागणारा काळ मोजून 45 किंवा 60 दिवस ठेवावेत. मार्च 2029 पासून सार्वजनिक सर्टिफिकेटचे कमाल आयुष्य 47 दिवसांवर येणार आहे, तेव्हा हे आकडेही पुन्हा बसवावे लागतील.

फाइल तपासण्याचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण नूतनीकरणानंतर nginx रीलोड झाला नाही, तर डिस्कवर नवे सर्टिफिकेट असूनही ग्राहकाला जुनेच मिळत राहते. म्हणून विचारणा बाहेरून, पोर्टवर करावी:

```
echo | openssl s_client -connect example.com:443 \
  -servername example.com 2>/dev/null |
  openssl x509 -noout -checkend 1728000
```

1728000 सेकंद म्हणजे 20 दिवस. `-servername` विसरल्यास एकाच पत्त्यावर अनेक साइट असताना भलत्याच साइटचे सर्टिफिकेट तपासले जाऊ शकते.

राहिला निश्चिंतपणा. यादी रिकामी येण्याचे कारण सगळे ठीक असणे हेच असेल असे नाही. एखादे यजमाननाव यादीतून गळलेले असते, किंवा जोडणी न झालेला सर्व्हर स्क्रिप्ट मुकाट्याने वगळते. अहवालात ‘14 पैकी 14 तपासले’ असा आकडा नसेल, तर मी त्याला उत्तर मानत नाही. खात्रीसाठी मर्यादा एकदा मुद्दाम 100 दिवस करावी: 90 दिवसांचे प्रत्येक सर्टिफिकेट यादीत दिसलेच पाहिजे, आणि जे दिसणार नाही ते आजवर तपासलेच जात नव्हते.