पाच मिली नाही हो मामा, शून्य पूर्णांक पाच!

आज सकाळी साडेसातला मामाचा फोन. "भाचा, तुझ्या त्या यंत्रानं पंपात साबण टाकायला लावला का रे मले?" मागे मामीचं हसू ऐकू येतंय. फोटो आला. रावेरच्या केळीच्या बागेत पाठीवरचा १५ लिटरचा पंप, आणि झाकणातून फेस असा उतू चाललाय, जसं कोणी आत गोधड्या धुतल्यात.

झालं असं, की पावसाने उघडीप दिली आणि मामाच्या केळीवर करपा दिसला. मामाने कृषी केंद्राच्या बॉटला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं. उत्तर बरोबर होतं. मी नंतर लॉगमध्ये पूर्ण वाचलं: डागाळलेली पानं कापून बागेबाहेर काढा, प्रोपिकोनॅझोल १ मिली प्रति लिटर, केळीचं पान मेणचट, त्यावर औषध चिकटावं म्हणून सोबत स्टिकर ०.५ मिली प्रति लिटर. मामाच्या मोबाइलवर काय पोचलं? एका निरोपाच्या शेवटी "सोबत स्टिकर ०". मग चार सेकंद टायपिंगचे ठिपके. मग नवा निरोप: "५ मिली प्रति लिटर".

दशांश चिन्हावर तोडलं हो! टिंबावर!! पंपाला साडेसात मिली पुरे होतं, मामाने ७५ ओतलं. चाळीस वर्षं केळी करणारा माणूस, पण "मले वाटलं नवीन औषध असंल, लागत असंल पाच." तो पंप मारला नाही हे नशीब. म्हणजे मारायला गेलेच होते, फेसाने वाचवलं.

आणि अकरा तुकडे! अकरा! एका साध्या उत्तराचे अकरा निरोप, प्रत्येकामध्ये मोजून चार सेकंद. "हो" एवढं एक अक्षर पाठवायलाही चार सेकंद टायपिंग. कोणता माणूस "हो" लिहायला चार सेकंद घेतो? लग्नाला होकार देतोय का? मामाने मध्ये दोनदा "थांब" लिहिलं. बॉट थांबला नाही, कारण तो तुकडे पाठवायच्या फेऱ्यात बसलेला असतो: पाठव, झोप, पाठव, झोप. समोरून काही आलंय का, हे बघायला त्याला कोणी सांगितलेलंच नाही. "थांब"ला त्याने उत्तर दिलं, पण अकरावा तुकडा संपल्यावर.

मला मुळात तुकड्यांत बोलणाऱ्यांची चीड आहे. आमच्या ग्रुपवर एक जण आहे. "भो." टिंग. "ऐक." टिंग. "ना." टिंग. मी गाडी बाजूला घेऊन बघतो, कोणी गेलं की काय म्हणून, आणि निघतं काय, तर "संध्याकाळी शेवभाजी?" आता यंत्रालाही तीच खोड लावायची? त्याआधी एसएमएसचा जमाना होता, इंग्रजीला १६० अक्षरं आणि मराठीत लिहिलं की ७०. मराठीत बोलायचा दंड! तेव्हाही एका शहाण्याने सरळ अक्षरं मोजून कापलं होतं. "प्रति"मधला "प्रत" एका निरोपात, आणि वेलांटी पुढच्या निरोपात ठिपक्यांच्या गोलावर एकटी लटकलेली.

तर मी तावातावाने कोड उघडला, हे कोणत्या महाभागाने लिहिलंय ते शोधायला. सापडलं.

```
parts = text.split('.')
```

नाव माझंच होतं. तारीख मे महिन्यातली, वेळ दुपारची. बाहेर जळगावचं ऊन, घरात लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी आठ टक्के. आणि हे तुकडे मागितले होते तेही मीच. आधी सगळं उत्तर एका निरोपात जायचं. निरोपाची मर्यादा ४०९६ अक्षरांची, त्यात ते आरामात बसायचं, पण पडद्यावर मात्र "अधिक वाचा" यायचं आणि औषधाचं प्रमाण नेमकं त्याखाली दडायचं. तेव्हा मीच ओरडलो होतो, "लोक वाचत नाहीत, तोडा!" तोडलं.

दुपारी बसून पुन्हा लिहिलं. पहिला राग टिंबावरचा. आता वाक्य संपल्याचं चिन्ह आणि त्यामागे मोकळी जागा, दोन्ही असतील तरच तोड:

```
re.split(r'(?<=[.!?।])\s+', text)
```

०.५ वाचलं. पण प्रत्येक वाक्याचा वेगळा निरोप केला तर पुन्हा तीच टिंगटिंग. म्हणून छोटी वाक्यं तीनेकशे अक्षरांपर्यंत एकत्र जोडायची, आणि उत्तरात रिकामी ओळ असेल तर आधी तिथे तोडायचं. मामाचंच उत्तर यातून काढलं, तर तीन निरोप झाले. पहिल्यात करपा आहे, पानं कापा. दुसऱ्यात पूर्ण फवारणी, औषध आणि स्टिकर एकाच चौकटीत. तिसऱ्यात प्रश्न, बाग किती महिन्यांची?

दुसऱ्या चौकटीवर मी अडून बसलो, कारण बागेत रेंज नसते. मामा विहिरीजवळ आले की अडकलेले सगळे निरोप धाडकन एकदम येतात, आणि डोळा शेवटच्यावर पडतो. तिथे तुमचे सेकंद, ठिपके, सगळं पाण्यात. म्हणून प्रत्येक तुकडा एकटा वाचला तरी चुकीचा अर्थ निघता कामा नये. प्रमाण आणि ज्याचं प्रमाण ते, यांची फाटाफूट करायची नाही, मग तीनशेची मर्यादा ओलांडली तरी चालेल.

पहिल्या तुकड्याआधी थांबायचंच नाही. उत्तर तयार व्हायलाच पाच-सहा सेकंद गेलेले असतात, त्यावर आणखी नाटक कशाला? पुढच्यांना शंभर अक्षरांमागे दोन सेकंद, पण एकाच्या खाली नाही आणि तीनच्या वर नाही. यातही मराठीने पाय ओढला. यंत्र "प्रति"ची पाच अक्षरं मोजतं, कारण पाय मोडणं आणि वेलांटी त्याला वेगळी वाटते. त्यामुळे मराठी तुकडा उगाच लांब ठरतो आणि बॉट रेंगाळतो. ती तीन सेकंदांची वरची मर्यादा बरी कामाला येते. आणि प्रत्येक तुकडा सोडण्याआधी बघायचं, समोरून नवीन निरोप आलाय का? आला असेल तर उरलेले टाकून द्यायचे आणि आधी माणसाचं ऐकायचं.

मामाला फोन करून सांगितलं, झालं दुरुस्त, विचारून बघा. मामा म्हणाले, "मी नाही विचारत, मामी विचारते." मामीने विचारलं, तुमचं दुकान कुठे आहे? बॉटने दुकानाची वेळ सांगितली, रस्ता सांगितला, सगळं एका चौकटीत, झकास. मी खुर्चीत मागे रेललो.

शेवटची ओळ होती "ता."

मग एक सेकंद ठिपके. मग पुढचा निरोप: "रावेर, जि. जळगाव".